उतार की उताराचा उतार?

मोबाईलमधलं स्कॅनिंगचं ॲप उघडून टेबलावरच्या पावतीवर धरलं, की पावतीच्या भोवती एक रंगीत चौकट आपोआप उमटते. पावती तिरकी असली तर चौकटही तिरकी होऊन तिला बिलगते. हल्लीची काही ॲप्स यासाठी शिकवून तयार केलेली प्रारूपं वापरतात. पण या कामाची जुनी आणि आजही टिकून असलेली रीत फार साधी आहे. तिला पावती म्हणजे काय हे कळावं लागत नाही. तिच्यासमोर असतो तो फक्त आकड्यांचा तक्ता. काळ्याकुट्ट पिक्सेलला ०, पांढऱ्याशुभ्र पिक्सेलला २५५ आणि मधल्या सगळ्या करड्या छटांना त्यांच्या दरम्यानचे आकडे. या तक्त्यात जिथे आकडे अचानक बदलतात तिथे वस्तूची कड असण्याची शक्यता असते, एवढ्याच गृहीतकावर सारा डोलारा उभा आहे.

आता 'अचानक बदलतात' हे यंत्राला सांगायचं कसं? इथे दोन घराणी आहेत. पहिलं घराणं आकड्यांचा उतार मोजतं आणि जिथे उतार सर्वात तीव्र तिथे कड आहे असं म्हणतं. गणितात याला पहिला डेरिव्हेटिव्ह म्हणतात. चित्रासारख्या दोन दिशांच्या तक्त्यावर तोच ग्रेडियंट होतो. दुसरं घराणं उताराचाही उतार मोजतं, म्हणजे दुसरा डेरिव्हेटिव्ह, आणि तो धनाकडून ऋणाकडे किंवा ऋणाकडून धनाकडे जाताना जिथे शून्य ओलांडतो तिथे कडेची खूण करतं. खंडाळ्याचा घाट चढणाऱ्या गाडीचा विचार केला तर पहिलं घराणं चढ किती खडा आहे ते सांगतं. दुसरं सांगतं की चढ कुठे वाढू लागला, कुठे ओसरू लागला आणि या दोन्हींच्या मधला बिंदू कोणता.

कागदावर दोन्ही वाटा एकाच ठिकाणी पोहोचतात. उतार जिथे सर्वाधिक तिथेच उताराचा उतार शून्य, हे अकरावी-बारावीचं गणित आहे. मग भांडण कशाचं? ते समजायला पेन घेऊन थोडे पिक्सेल प्रत्यक्ष मोजावे लागतात.

चित्रातली एक आडवी ओळ घेऊ. डावीकडे गडद टेबल, उजवीकडे उजळ कागद:

```
२०  २०  २०  ६०  १००  १००  १००
```

मधला ६० मुद्दाम ठेवला आहे. खऱ्या छायाचित्रात २० वरून थेट १०० वर उडी क्वचितच दिसते. भिंग प्रकाश किंचित पसरवतं, आणि कडेवरच्या पिक्सेलवर अर्धं टेबल नि अर्धा कागद पडतो. त्यामुळे कड म्हणजे पायरी नसते, छोटी उतरंड असते.

या ओळीच्या वर आणि खाली अशाच ओळी आहेत असं समजू, म्हणजे कड सरळ उभी आहे. आता उतार मोजायचा. सर्वात भाबडा मार्ग म्हणजे उजव्या शेजाऱ्यातून डावा शेजारी वजा करणं. पण एकाच ओळीवर विसंबलं तर एखादा बिघडलेला पिक्सेल सगळं उत्तर बिघडवतो. म्हणून आर्विन सोबेल आणि गॅरी फेल्डमन यांनी १९६८ मध्ये स्टॅनफर्डच्या आर्टिफिशियल इंटेलिजन्स प्रोजेक्टमध्ये तीन बाय तीनचा एक मास्क मांडला. त्याआधी एमआयटीत लॅरी रॉबर्ट्स यांनी १९६३ च्या प्रबंधात दोन बाय दोनचा मास्क वापरला होता. हेच रॉबर्ट्स पुढे इंटरनेटच्या पूर्वजाच्या, म्हणजे अर्पानेटच्या उभारणीसाठी जास्त ओळखले गेले. सोबेलचा मास्क मात्र पाठ्यपुस्तकांत शिरला तो कायमचा. तो असा दिसतो:

```
     Gx               Gy
−१   ०   १      −१  −२  −१
−२   ०   २       ०   ०   ०
−१   ०   १       १   २   १
```

मास्क एखाद्या पिक्सेलवर ठेवायचा, खालच्या नऊ पिक्सेलना त्या त्या वजनाने गुणायचं आणि बेरीज करायची. Gx आडव्या दिशेतला बदल सांगतो, Gy उभ्या दिशेतला. मधल्या ओळीला दुप्पट मान आहे, कारण ती मोजल्या जाणाऱ्या पिक्सेलच्या सर्वात जवळची. वरच्या-खालच्या ओळी सामील झाल्याने थोडी सरासरी आपोआप निघते. मास्कच्या मधल्या घरात शून्य आहे, हे ध्यानात ठेवण्यासारखं आहे. ज्या पिक्सेलचा उतार विचारला त्याच्या स्वतःच्या आकड्याकडे सोबेल पाहतच नाही.

दुसऱ्या घराण्याचा सर्वात सोपा मास्क लाप्लासियनचा आहे. वर, खाली, डावीकडे, उजवीकडे अशा चार शेजाऱ्यांची बेरीज करायची आणि मधल्या पिक्सेलची चौपट वजा करायची. शेजारी सरासरीने जितके उजळ तितकंच मधलंही असेल तर उत्तर शून्य. सपाट भागात शून्य येतंच, पण एकसारख्या चढावरही शून्यच येतं, कारण तिथे चढ आहे पण चढात बदल नाही.

वरच्या ओळीवर दोन्ही चालवले की असं मिळतं:

```
पिक्सेल     २०   २०   २०   ६०   १००   १००   १००
सोबेल             ०  १६०  ३२०   १६०     ०
लाप्लासियन        ०   ४०    ०   −४०     ०
```

टोकाची घरं रिकामी आहेत, कारण तिथे मास्कला एका बाजूला शेजारीच नाही. सोबेलचा एक आकडा पडताळून पाहू. ६० या पिक्सेलवर उजवा स्तंभ १००, १००, १००. वजनांसह त्याची बेरीज ४००. डाव्या स्तंभाची बेरीज ८०. वजाबाकी ३२०. उभ्या दिशेत काहीच बदलत नाही, म्हणून Gy शून्य. लाप्लासियनचं गणितही पाहा. ६० च्या डावीकडे पिक्सेल २० चा आहे, तिथे डावा शेजारी २०, उजवा ६०, वरचा-खालचा प्रत्येकी २०. बेरीज १२०, त्यातून २० ची चौपट ८० गेली, उरले ४०.

या दोन ओळींत दोन्ही घराण्यांचे स्वभाव उमटले आहेत. सोबेल कडेभोवती फुगतो. तीन पिक्सेल त्याने उजळवले, त्यातला मधला सर्वाधिक. १५० चा उंबरठा लावला तर कड तीन पिक्सेल जाड दिसेल, २०० चा लावला तर एक पिक्सेल. पण मग दुसरीकडची फिकट कड उंबरठ्याखाली जाऊन गायब होईल. लाप्लासियनला हा प्रश्नच नाही. अलीकडे ४०, पलीकडे −४०, मधे शून्य. कड इथेच, एका पिक्सेलवर. त्याची खूण कडेच्या ताकदीवर अवलंबून नाही. फिकट कडेवर हेच आकडे ४ आणि −४ झाले असते, तरी शून्य त्याच जागी राहिलं असतं. खऱ्या चित्रात ते नेमकं पिक्सेलवर सापडणं हा योगायोग असतो. बहुधा एका पिक्सेलला धन आणि शेजारच्याला ऋण आकडा येतो आणि कड दोघांच्या मधे धरावी लागते.

कड तिरकी असली की ग्रेडियंटची खरी गंमत सुरू होते. खालची नऊ पिक्सेलांची चौकट घ्या. वरचा डावा कोपरा गडद, खालचा उजवा उजळ:

```
२०  २०  २०
२०  ४०  ६०
४०  ६०  ८०
```

मधल्या ४० वर सोबेल ठेवू. Gx साठी उजवा स्तंभ २०, ६०, ८०. मधल्याला दुप्पट वजन दिलं की २० + १२० + ८० = २२०. डावा स्तंभ २०, २०, ४० म्हणजे २० + ४० + ४० = १००. Gx आला १२०. Gy साठी खालची ओळ ४०, ६०, ८० म्हणजे ४० + १२० + ८० = २४०, आणि वरची ओळ २० + ४० + २० = ८०. Gy आला १६०. दोन्ही बाण काटकोनात आहेत, म्हणून एकूण उतार पायथागोरसच्या रीतीने काढायचा. १२० चा वर्ग १४,४००, १६० चा वर्ग २५,६००, बेरीज ४०,०००, वर्गमूळ नेमकं २००. हाच त्या पिक्सेलचा ग्रेडियंट मॅग्निट्यूड.

शिवाय दिशाही मिळते. १६० भागिले १२० या गुणोत्तरावरून कोन निघतो सुमारे ५३ अंश. चित्रात y खालच्या बाजूला वाढतो, त्यामुळे हा बाण उजवीकडे आणि खाली, म्हणजे गडदाकडून उजळाकडे रोखलेला आहे. कड स्वतः त्या बाणाला काटकोनात धावते. शाळेतली y वर वाढण्याची सवय घेऊन बसलेला माणूस इथे हमखास फसतो आणि सगळ्या कडा आरशात पाहिल्यासारख्या उलट्या मोजतो.

याच पिक्सेलवर लाप्लासियन काय म्हणतो? चार शेजारी २०, २०, ६०, ६०. बेरीज १६०. ४० ची चौपटही १६०. उत्तर शून्य. दोन्ही घराणी एकमताने कबूल करतात की कड इथून जाते. फरक असा की ग्रेडियंटने ताकद २०० आणि दिशा ५३ अंश असे दोन तपशील दिले, लाप्लासियनने फक्त 'हो' म्हटलं. तेही एकट्या शून्यावरून म्हणता येत नाही, आजूबाजूला चिन्ह बदलतंय का ते बघावंच लागतं.

इथवर दुसरं घराणं थोडं मुकं पण नेमकं वाटतं. ते कुठे अडखळतं हे पाहायला चित्रात थोडी घाण मिसळायला हवी. कॅमेऱ्याचा सेन्सर स्वच्छ आकडे कधीच देत नाही. मंद उजेडात काढलेल्या फोटोत सपाट भिंतसुद्धा दाणेदार दिसते, ती याचमुळे.

सगळीकडे २० असलेल्या सपाट भागात एकच पिक्सेल चुकून ६० झाला असं समजू. सोबेल त्या पिक्सेलवर शून्य देतो, कारण मधल्या घरात वजन शून्य. डाव्या-उजव्या आणि वरच्या-खालच्या शेजाऱ्यांवर ८० येतात, कोपऱ्यांतल्या चौघांवर सुमारे ५७. वर खरी कड ३२० ची होती. म्हणजे खरी कड या खोट्या ठिपक्याच्या चौपट ठळक आहे. १५० चा उंबरठा लावला की ठिपका गळून पडतो आणि कड राहते.

लाप्लासियनचं गणित मात्र उलटतं. त्या पिक्सेलवर चार शेजाऱ्यांची बेरीज ८०, त्यातून ६० ची चौपट २४० गेली की −१६०. चारही शेजाऱ्यांवर प्रत्येकी ४०. खऱ्या कडेने याच लाप्लासियनला ४० आणि −४० एवढंच हलवलं होतं. इथे खोटा ठिपका खऱ्या कडेच्या चौपट ठळक आहे. ठिपका ४० ने बिघडला होता आणि कडेवरचा एकूण फरक ८० होता, तरीही निकाल हा! उंबरठा लावून यातून सुटका नाही. कड ठेवायची तर ठिपका राहणार, ठिपका घालवायचा तर आधी कड जाणार.

कुणी म्हणेल, सोबेलची वजनं मोठी आणि लाप्लासियनची लहान, मग ही तुलना न्याय्य कशी? सोबेलचे सगळे आकडे ८ ने भागले की खरा उतार मिळतो हे खरं आहे. पण भागायचं तर कडेचेही आणि ठिपक्याचेही. चौपटीचं नातं तसंच राहतं. एकच बिघडलेला पिक्सेल न घेता चित्रभर विखुरलेली खरखर घेतली तरी चित्र फारसं बदलत नाही. प्रत्येक पिक्सेल सरासरी ५ पातळ्यांनी स्वतंत्रपणे हलत असेल तर सोबेलच्या Gx मध्ये ती खरखर सुमारे १७ होते, लाप्लासियनमध्ये सुमारे २२. पहिली ३२० च्या तुलनेत नगण्य, दुसरी ४० च्या निम्म्याहून जास्त. दर वेळी वजाबाकी केली की सावकाश होणारे बदल दबतात आणि पिक्सेलागणिक होणारे उसळतात. दुसरं घराणं वजाबाकीची वजाबाकी करतं, म्हणून खरखर त्याच्या हाती जास्त भडकते.

हे सगळं ठाऊक असूनही एमआयटीत डेव्हिड मार आणि एलन हिल्ड्रेथ यांनी १९८० साली दुसऱ्याच घराण्याची बाजू घेतली आणि फार आत्मविश्वासाने घेतली. मार यांना माणसाची दृष्टी समजून घ्यायची होती. डोळ्याच्या पडद्यातल्या पेशी मधल्या ठिपक्यावरच्या प्रकाशाला एक प्रतिसाद देतात आणि भोवतीच्या वलयावरच्या प्रकाशाला विरुद्ध. ही मांडणी लाप्लासियनच्या जवळ जाते. खरखरीवर त्यांचा तोडगा असा होता की आधी चित्र गॉसच्या घंटेसारख्या वक्राने मऊ करायचं आणि मग लाप्लासियन लावायचा. दोन्ही कामं मिळून एकच मास्क होतो. त्याचा आकार रुंद काठाच्या मेक्सिकन टोपीसारखा दिसतो, म्हणून तेच नाव त्याला चिकटलं. रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात हा निबंध आला त्याच वर्षी मार रक्ताच्या कर्करोगाने गेले. वय होतं ३५.

मऊ करण्याची मात्रा ठरवणारा आकडा म्हणजे सिग्मा. तो वाढवला की खरखर शमते, पण जवळजवळच्या दोन कडा एकमेकींत मिसळतात आणि कोपरे गोल होतात. वळणदार कड तिच्या मूळ जागेवरून सरकतेही. कमी ठेवला की पुन्हा दाणे दिसू लागतात. मार यांचा सल्ला होता की एकाच सिग्मावर थांबू नये, बारीक आणि जाड अशा अनेक मात्रांवर कडा काढून त्यांचा मेळ घालावा. हा सल्ला वाचायला चांगला आहे, पण मेळ घालण्याचं काम स्वतःच एक वेगळी डोकेदुखी आहे.

शून्य ओलांडण्याच्या जागा जोडल्या की बंद वळसे मिळतात. ते एक तर स्वतःलाच येऊन मिळतात नाही तर चित्राच्या काठावर संपतात. हे ऐकायला फायद्याचं वाटतं, कारण तुटक्या कडा जोडण्याची कटकट वाचते. प्रत्यक्षात जिथे कड नाही तिथेही वळसा पुरा करावाच लागतो. म्हणून अशा चित्रात भिंतीवर, आकाशावर, गालावर शेवयांचा गुंता पसरल्यासारखा दिसतो.

त्याहून फसवी गोष्ट पुढच्या ओळीत आहे. हा उतार दोन टप्प्यांत चढतो:

```
पिक्सेल     २०   २०   ६०   ७०   ८०   १२०   १२०
सोबेल           १६०  २००   ८०  २००   १६०
लाप्लासियन       ४०  −३०    ०   ३०   −४०
```

दोन खऱ्या कडा दोन बाजूंना आहेत, आणि तिथे लाप्लासियन ४० वरून −३० वर आणि ३० वरून −४० वर जातो. पण मधल्या ७० वरसुद्धा तो −३० वरून शून्यातून ३० वर जातो. म्हणजे तिसरी कड! प्रत्यक्षात तिथे उतार सर्वात कमी आहे, सोबेलने तो ८० दाखवला आहे. उताराचा उतार शून्य होतो तो उतार सर्वाधिक असताना, तसाच तो सर्वात कमी असतानाही. अशी भुताटकी कड दुसऱ्या घराण्याला स्वतःच्या बळावर ओळखता येत नाही. चिन्ह धनाकडून ऋणाकडे गेलं तर खरी आणि उलट गेलं तर खोटी असा नियम करावा, तर उजळाकडून गडदाकडे जाणारी खरी कडही उलटच चिन्ह दाखवते. शेवटी साक्ष काढायला ग्रेडियंटलाच बोलवावं लागतं. शून्य सापडलेल्या जागी उतार दोन्ही शेजाऱ्यांपेक्षा जास्त असेल तरच कड खरी.

तरीही एका कामात ग्रेडियंट स्वतः तोंडघशी पडतो, आणि मराठी मजकुराशी काम करणाऱ्यांना तो अनुभव लवकर येतो. कमी रिझोल्युशनवर स्कॅन केलेल्या बारीक टाइपात शिरोरेषा जेमतेम एक पिक्सेल जाडीची उरते. उभ्या दिशेने पाहिलं तर आकडे असे दिसतात: २००, २००, ४०, २००, २००. मधला ४० म्हणजे शाई. त्यावर सोबेल शून्य देतो, कारण वर-खाली दोन्हीकडे कागदच आहे. रेषेच्या वरच्या पिक्सेलवर −६४०, खालच्यावर ६४०. म्हणजे एक रेषा दोन रेषा होऊन दिसते आणि मूळ जागी पोकळी राहते. लाप्लासियन नेमका त्या ४० वर ३२० देतो आणि दोन्ही बाजूंना −१६०. बारीक रेषा, ठिपके, केसासारखे तडे शोधायचे तर तो इथे उघडपणे सरस आहे. एकाकी पिक्सेलवर भडकण्याचा त्याचा जो दुर्गुण तोच इथे उपयोगी पडतो.

कडांच्या नेहमीच्या कामात मात्र १९८० नंतर कल ग्रेडियंटकडे झुकला, आणि त्याला कारण जॉन कॅनी. एमआयटीतल्याच १९८३ च्या प्रबंधात आणि १९८६ च्या निबंधात त्यांनी आधी चांगल्या शोधकाच्या तीन अटी गणितात लिहिल्या. खऱ्या कडा सुटू नयेत नि खोट्या येऊ नयेत, सापडलेली कड खऱ्या जागेजवळ असावी, आणि एका कडेला एकच उत्तर मिळावं. मग या अटी पाळणारा मास्क कोणता ते त्यांनी शोधलं. उत्तर आलं ते गॉसच्या वक्राच्या पहिल्या डेरिव्हेटिव्हच्या अगदी जवळ. म्हणजे मऊ करा आणि उतार मोजा.

ग्रेडियंटच्या जाड कडेवर कॅनी यांचा उपाय म्हणजे पातळ करणं. प्रत्येक पिक्सेलवरून बाणाच्या दिशेने एक पाऊल पुढे आणि एक मागे पाहायचं. दोघांपेक्षा आपण मोठे नसलो तर शून्य व्हायचं. आपल्या पहिल्या ओळीत १६०, ३२०, १६० होतं, त्याचं ०, ३२०, ० होतं. कड एका पिक्सेलची झाली. ५३ अंशांच्या पिक्सेलवर दिशा ठाऊक होती म्हणूनच कोणत्या दोन शेजाऱ्यांशी तुलना करायची हे कळतं. साध्या अंमलबजावणीत ती ४५ अंशांच्या कर्णाला गोल केली जाते.

बारकाईने पाहिलं तर बाणाच्या दिशेने उतार सर्वाधिक असण्याची अट म्हणजे त्याच दिशेतल्या दुसऱ्या डेरिव्हेटिव्हने शून्य ओलांडण्याची अट. कॅनी दुसऱ्या घराण्याला हाकलत नाहीत. ते त्याला एकाच दिशेत पाहायला लावतात, कडेच्या आडव्या दिशेत. लाप्लासियन सगळ्या दिशांचं एकत्र कालवण करतो आणि कडेच्या लांबीवरची खरखरही त्यात मिसळतो. ती चूक इथे टळते. भुताटकी कडही आपोआप गळते, कारण सर्वात कमी उतार कधीच सर्वाधिक नसतो. वरच्या उदाहरणातला ८० दोन्ही बाजूंच्या २०० पुढे टिकत नाही.

उंबरठ्यासाठी त्यांनी एकाऐवजी दोन आकडे सुचवले. वरच्या उंबरठ्यापलीकडचे पिक्सेल थेट कड मानायचे. दोन्हींच्या मधले पिक्सेल तेव्हाच ठेवायचे, जेव्हा ते अशा पक्क्या पिक्सेलला साखळीने जोडलेले असतील. मोठा उंबरठा लहानाच्या दुप्पट ते तिप्पट असावा, ही त्यांची शिफारस आजही चालते. यामुळे सावलीत शिरून फिकट होणारी कागदाची कड तुटत नाही आणि एकाकी ठिपके मात्र उरत नाहीत.

हे सगळं घरच्या संगणकावर ओपनसीव्ही या मोफत लायब्ररीने तपासता येतं. `img` मध्ये करड्या छटांचं चित्र असलं की पुढच्या ओळी पुरतात:

```python
gx = cv2.Sobel(img, cv2.CV_64F, 1, 0, ksize=3)
gy = cv2.Sobel(img, cv2.CV_64F, 0, 1, ksize=3)
mag = cv2.magnitude(gx, gy)
lap = cv2.Laplacian(img, cv2.CV_64F)
```

यात `CV_64F` च्या जागी `CV_8U` लिहिण्याचा मोह नवशिक्याला होतो, कारण चित्र तर आठ बिटांचंच असतं. मग ऋण आकडे शून्य होतात आणि २५५ च्या वरचे २५५ वर छाटले जातात. गडद टेबलावरच्या पांढऱ्या कागदाची डावी कड दिसते आणि उजवी गायब होते, कारण उजवीकडे उतार ऋण आहे. चौकोनाच्या चारपैकी दोनच बाजू उमटल्या की दोष चित्रात नाही, या एका शब्दात आहे हे ओळखावं.

दुसरा खड्डा `cv2.Canny` मध्ये आहे. वर्गमूळ काढणं महाग म्हणून ते मुळात Gx आणि Gy यांच्या नुसत्या मूल्यांची बेरीज करतं. तिरक्या चौकटीत पायथागोरसने २०० आले होते, या रीतीने १२० + १६० = २८० येतात. सरळ उभ्या किंवा आडव्या कडेवर दोन्ही रीती सारखंच उत्तर देतात, तिरक्या कडेवर मात्र बेरीज फुगते, अगदी ४५ अंशांवर सुमारे ४१ टक्क्यांनी. म्हणजे तोच उंबरठा तिरक्या कडांना झुकतं माप देतो. वहीत काढलेल्या आकड्यांशी संगणकाचा उंबरठा जुळत नसेल तर `L2gradient=True` एवढं जोडावं, मग मोजमाप पायथागोरसच्याच रीतीने होतं.